सरासरी ९७, आणि तरीही काळ्या पडद्यावर ठोकळे

संगीत नाटकाचं चित्रण करणं तसं सोपं काम आहे. शेवटच्या रांगेमागे तिपाईवर कॅमेरा लावायचा, नांदीच्या आधी बटण दाबायचं आणि भरतवाक्यानंतर बंद करायचं. घरी आल्यावर डोकं धरायची वेळ येते. माझा कॅमेरा १०८० ओळींचं, सेकंदाला २५ फ्रेमचं चित्र ५० मेगाबिट दराने लिहितो. तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद. गुणाकार केला की ५,४०,००० मेगाबिट, म्हणजे साडेसदुसष्ट जीबी. घरच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग २० मेगाबिट धरला, तर ही फाइल वर जायला साडेसात तास लागतात, तेही मधे वीज गेली नाही तर.

यूट्यूब एवढी फाइल नाकारत नाही. तिथली मर्यादा २५६ जीबी किंवा १२ तास, यांतलं जे कमी असेल ते. पण ६७ जीबी पाठवलं तरी प्रेक्षकाला ते कधीच दिसत नाही, कारण यूट्यूब आलेली प्रत्येक फाइल स्वतःच्या पद्धतीने पुन्हा आवळतं. मग आधी आपणच थोडी आवळली तर काय बिघडतं? काहीच नाही, फक्त किती आवळायची ते कळलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी मी ते नुसत्या डोळ्यांनी ठरवलं होतं. पहिली पाच मिनिटं पाहिली, झकास दिसली, फाइल पाठवून दिली. तिसऱ्या अंकात एका समईच्या उजेडातला प्रवेश होता. तिथे मागच्या काळ्या पडद्यावर चौकोनी ठोकळे सरकताना दिसत होते. नायिकेच्या भूमिकेतल्या ताईंनी फोन करून विचारलं, "अरे, पडद्याला कसर लागली होती का?"

तेव्हापासून मी अपलोडच्या आधी मोजमाप करतो. कसं करतो, आणि मोजमाप कुठे फसवतं, ते सांगतो.

मोजायचं काय, ते आधी पाहू. मूळ फाइल आणि आवळलेली फाइल फ्रेमला फ्रेम लावून ताडायची आणि फरकाला एक आकडा द्यायचा. यातली सगळ्यात जुनी पट्टी पीएसएनआर. ती प्रत्येक बिंदूच्या उजेडातल्या फरकाचा वर्ग करते, सरासरी काढते आणि डेसिबलमध्ये उत्तर देते. तिला माणसाच्या डोळ्याशी देणंघेणं नाही. पैठणीच्या जरीत हरवलेली चूक आणि चेहऱ्यावर उठून दिसणारी चूक तिच्या लेखी सारखीच. २००४ मध्ये आलेली एसएसआयएम ही पट्टी बिंदूंऐवजी छोट्या खिडकीतली रचना, उजेड आणि उठाव तपासते, म्हणून ती थोडी शहाणी.

मी वापरतो ती व्हीमॅफ. नेटफ्लिक्सने काही विद्यापीठांतल्या संशोधकांबरोबर ती बनवली आणि २०१६ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिची कल्पना मला आवडते. माणसांना बसवून चित्रफिती दाखवल्या, त्यांच्याकडून गुण घेतले, आणि मूळ चित्रातली किती माहिती शिल्लक आहे, बारकावे किती गेले, हालचाल किती आहे या मोजमापांवरून तेच गुण यंत्राला ओळखायला शिकवलं. उत्तर शून्य ते शंभर. नेहमीचं मॉडेल असं धरून चालतं की प्रेक्षक १०८० ओळींच्या पडद्यापासून पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसला आहे. सहा गुणांचा फरक बहुतेकांच्या डोळ्यांना जाणवतो, असा एक ढोबळ ठोकताळा या कामात चालतो.

एक मर्यादा इथेच सांगून टाकतो. व्हीमॅफ फक्त उजेडाची पातळी पाहते, रंग पाहत नाही. लाल पगडीचा रंग शेजारच्या खांबावर ओघळला तरी गुण तसेच राहतील. रंग डोळ्यांनीच तपासायचा.

आता नमुने. तीन तासांच्या फाइलवर चार-पाच सेटिंग्ज लावून बघायला माझ्या लॅपटॉपला दोन दिवस लागतील, म्हणून तुकड्यांवर काम करायचं. बरेच जण इथे एक चूक करतात, मीही केली. तुकड्यांना दोन वेगवेगळे प्रश्न विचारायचे असतात आणि दोन्हींसाठी एकच तुकडा चालत नाही. पूर्ण फाइल किती मोठी होईल, हा पहिला प्रश्न. त्याला नाटकाचं प्रामाणिक प्रतिनिधित्व करणारे तुकडे हवेत, म्हणजे अवघड, सोपं, मध्यंतराचा बंद पडदा, सगळं आपापल्या प्रमाणात. सगळ्यात वाईट क्षणी चित्र कसं दिसेल, हा दुसरा. त्याला मुद्दाम निवडलेले अवघड तुकडे हवेत.

पहिल्यासाठी मी एफएफएमपेग या चित्रफिती कापण्या-आवळण्याच्या प्रोग्रामने दर दहा मिनिटांतले दहा सेकंद उचलतो, पाचव्या मिनिटापासून सुरुवात करून:

```
ffmpeg -i natak.mp4 -vf "select='lt(mod(t+300,600),10)',setpts=N/25/TB" -r 25 -an -c:v ffv1 sarva.mkv
```

तीन तासांत असे १८ तुकडे मिळतात, एकूण १८० सेकंद. पूर्ण नाटक त्याच्या साठपट, म्हणून आवळलेल्या नमुन्याचा आकार गुणिले ६० हा पूर्ण चित्राचा अंदाज. दहा सेकंदच का? एक्स२६४ हा एन्कोडर, म्हणजे चित्र आवळणारा प्रोग्राम, स्वतःहून जास्तीत जास्त २५० फ्रेमनंतर एक पूर्ण फ्रेम नव्याने लिहितो, आणि २५ च्या वेगाने २५० फ्रेम म्हणजे दहा सेकंद. पूर्ण फ्रेम महाग असते, कारण बाकीच्या फ्रेम नुसता बदल लिहून भागवतात. तीन-तीन सेकंदांचे तुकडे घेतले तर प्रत्येकाच्या सुरुवातीला ती लिहावी लागते आणि अंदाज फुगतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी वीस-वीस सेकंदांचे तीन तुकडे हाताने निवडतो. एक समईचा प्रवेश. एक भरजरी कपड्यांतला, सगळे जण रंगमंचावर असलेला दरबार. आणि एक धुराचा, कारण धूर एन्कोडरला रडवतो.

```
ffmpeg -ss 02:14:30 -i natak.mp4 -t 20 -an -c:v ffv1 samai.mkv
```

`ffv1` हे नुकसान न करणारं स्वरूप आहे, म्हणून तुकडा मुळाइतकाच खरा राहतो. वीस सेकंदांना काही शे मेगाबाइट जातात, जाऊ द्या. `-c copy` वापरून नुसतं कापण्याचा मोह होतो, पण तसं कापताना काप जवळच्या पूर्ण फ्रेमपाशी सरकतो आणि वेळेचे शिक्के गोंधळतात. पुढे दोन फाइल्स एकमेकींसमोर लावताना तोच गोंधळ भोवतो.

मग नमुने आवळायचे. एक्स२६४ मध्ये गुणवत्तेचं चाक म्हणजे सीआरएफ. आठ-बिटच्या चित्राला शून्य ते ५१, आणि काही न सांगितल्यास २३. आकडा लहान तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. सहाने वाढवला की फाइल साधारण अर्धी होते.

```
ffmpeg -i samai.mkv -c:v libx264 -preset slow -crf 20 -pix_fmt yuv420p samai_20.mp4
```

आणि मोजायचं असं:

```
ffmpeg -i samai_20.mp4 -i samai.mkv -lavfi "[0:v]setpts=PTS-STARTPTS[a];[1:v]setpts=PTS-STARTPTS[b];[a][b]libvmaf=log_fmt=json:log_path=samai_20.json:n_threads=4" -f null -
```

आवळलेली फाइल आधी, मूळ नंतर. क्रम उलटा झाला तर यंत्र कुरकुर करत नाही, निमूटपणे वेगळे आणि तरी पटण्यासारखे गुण देतं, म्हणून ही चूक महिनोन् महिने लपून राहते. तुमच्या एफएफएमपेगमध्ये `libvmaf` नसेल तर ही आज्ञा चालणार नाही. `ffmpeg -filters` च्या यादीत ते नाव आधी शोधा.

पहिल्यांदा मी एक वेडगळ वाटणारी गोष्ट करतो. मूळ फाइल तिच्याशीच ताडतो. गुण शंभराच्या अगदी जवळ यायला हवेत. नेमके शंभर येतीलच असं नाही, व्हीमॅफ तशी हमी देत नाही, त्यामुळे थोडे कमी आले तर घाबरायचं नाही. मग सीआरएफ १० वर आवळून बघायचं. तिथे गुण वरच्या टोकाला गेले पाहिजेत. ते ८५ वगैरेलाच अडकून राहिले तर दोष एन्कोडिंगचा नाही, मोजमापाचा आहे. बहुतेक वेळा एक फ्रेम पुढेमागे झालेली असते. त्याची खूण अशी की गायक स्थिर बसलेला असतो तिथे गुण उत्तम, आणि कुणी चालायला लागलं की धाडकन खाली. मोबाइलवर केलेल्या चित्रणात हे जास्त होतं, कारण फ्रेमचा वेग मधेच बदलतो. दुसरा संशयित म्हणजे उजेडाची कक्षा. एका फाइलमध्ये काळा शून्यावर आणि दुसरीत सोळावर असेल, तर सगळं चित्रच थोडं सरकलेलं असतं आणि कितीही उदार सेटिंग दिली तरी पीएसएनआर वर चढत नाही.

आता आकडे. खालचे आकडे हिशेब समजावण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या चित्रणाचे वेगळे येतील, पण त्यांचा कल साधारण असाच असतो.

| सीआरएफ | १८० सेकंदांचा नमुना | पूर्ण चित्राचा अंदाज | नमुन्याची सरासरी | समईच्या तुकड्याचा तळ |
|---|---|---|---|---|
| १८ | १८० एमबी | १०.८ जीबी | ९७.६ | ९३ |
| २० | १४३ एमबी | ८.६ जीबी | ९६.७ | ९० |
| २३ | १०१ एमबी | ६.१ जीबी | ९४.८ | ८४ |
| २६ | ७१ एमबी | ४.३ जीबी | ९१.९ | ७५ |

चौथा रकाना एकट्याने वाचला तर २० आणि २३ मध्ये जेमतेम दोन गुणांचा फरक आहे आणि अडीच जीबी वाचतात. कोणीही २३ घेईल. मीही तेच घेतलं असतं. पाचवा रकाना वेगळंच सांगतो. तिथे त्याच दोन सेटिंग्जमध्ये सहा गुणांची दरी आहे, म्हणजे डोळ्याला दिसेल एवढी.

असं का होतं? सरासरीत मध्यंतराचा बंद पडदा असतो, दोन प्रवेशांमधला अंधार असतो, एका जागी बसून गायलेलं दहा मिनिटांचं पद असतं. या सगळ्या फ्रेम एन्कोडरला फुकटात जमतात आणि त्यांचे गुण वर असतात. वर्गातली चार हुशार मुलं जशी वर्गाचा निकाल चांगला दाखवतात, तशा या फ्रेम अंधाऱ्या प्रवेशाचं अपयश झाकतात. म्हणून मी तळ बघतो, म्हणजे सगळ्या फ्रेमचे गुण चढत्या क्रमाने लावून खालून एक टक्क्यावर जो आकडा येतो तो. वीस सेकंदांत ५०० फ्रेम असतात, त्यांतला खालून पाचवा:

```
jq '[.frames[].metrics.vmaf]|sort|.[4]' samai_20.json
```

सगळ्यात खालचा आकडा का घेत नाही? तो एका विचित्र फ्रेमवर अवलंबून असतो. पंचविसाव्या हिश्शाएवढ्या सेकंदाची एक खराब फ्रेम कुणाला दिसत नाही, पण लागोपाठ पाच-दहा खराब आल्या की दिसते.

इथे आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. वेगवेगळ्या एन्कोडरचे सीआरएफ एकमेकांशी ताडायचे नसतात. एक्स२६५ चा नेहमीचा आकडा २८ आहे, म्हणून तो एक्स२६४ च्या २३ पेक्षा वाईट ठरत नाही, ती मुळात वेगळी मापं आहेत. एकाच एन्कोडरमध्ये `veryfast` वरचा २० आणि `slow` वरचा २० यांचंही चित्र सारखं येत नाही. तुलना करायची ती अशी: समान गुण मिळवायला कोणाला किती जागा लागली? किंवा समान जागेत कोणी किती गुण मिळवले? प्रत्येक सेटिंगचे तीन-चार बिंदू आकार आणि गुण अशा आलेखावर मांडले की कोणती रेघ वर आहे ते एका नजरेत दिसतं. एक्स२६५ ची रेघ बहुधा वर असते, पण तो कितीतरी पट सावकाश चालतो. अपलोडचा अर्धा तास वाचवायला लॅपटॉप आठ तास तापवणं मला परवडत नाही. हिशेब एन्कोडिंगचा वेळ अधिक अपलोडचा वेळ असा धरायचा.

आतापर्यंतच्या मोजमापात एक पोकळी आहे. प्रेक्षक आपली फाइल पाहतच नाही. तो पाहतो ती यूट्यूबने आपल्या फाइलवरून पुन्हा आवळलेली प्रत. मग खरा प्रश्न असा होतो: मूळ ६७ जीबी पाठवले असते तर प्रेक्षकाला जे दिसलं असतं, त्याच्या तुलनेत माझ्या ८ जीबीमुळे त्याचं किती नुकसान होतं?

हे घरी अंदाजाने तपासता येतं. यूट्यूबची नेमकी कृती आपल्याला करता येत नाही, पण दुसऱ्यांदा आवळण्याची नक्कल करता येते. मूळ तुकडा आणि आवळलेले चारही तुकडे, सगळ्यांना एकाच कमी दराने पुन्हा आवळायचं:

```
ffmpeg -i samai_20.mp4 -c:v libx264 -preset medium -b:v 2M -maxrate 3M -bufsize 4M samai_20_dusri.mp4
```

आणि पाचही दुसऱ्या पिढीच्या फाइल्स मूळ `samai.mkv` शी ताडायच्या. इथे हमखास घोटाळा होतो. दुसरी पिढी पहिल्या पिढीशी ताडली जाते आणि गुण छान दिसतात, पण तो नकलेचा नकलेशी मेळ असतो. संदर्भ कायम मूळच.

पुन्हा धरलेले आकडे: मूळ तुकडा थेट दुसऱ्या पायरीवर नेला तर ८८ गुण. सीआरएफ १८ मार्गे गेला तर ८७.७, २० मार्गे ८७.३, २३ मार्गे ८६, २६ मार्गे ८३.५. म्हणजे दुसरी पायरी एवढी कठोर आहे की १८ आणि २० मधला फरक ती जवळजवळ पुसून टाकते. २३ पासून आपलं नुकसान तिच्या नुकसानात भर घालायला लागतं आणि २६ ला ते लपत नाही. आधीच्या तक्त्यात तळाच्या रकान्यात १८ आणि २० मध्ये तीन गुण होते, इथे अर्धाही उरला नाही. मोठ्या फाइलवर जास्तीचे दोन जीबी खर्च करण्यातला फायदा कुठे संपतो, ते या चाचणीत दिसतं. यूट्यूब १०८० ओळींच्या २५ फ्रेमच्या चित्रासाठी ८ मेगाबिट सुचवतं. आपला १८ चा बिंदू अगदी तिथेच येतो आणि २० चा ६.४ वर. मी २० घेईन.

अजून समई राहिली. व्हीमॅफला एक दोष नीट दिसत नाही, तो म्हणजे पट्टे. स्पॉटलाइटचा उजेड काळ्या पडद्यावर हळूहळू विरत जातो. आठ-बिट चित्रात त्या उताराला मोजक्याच पायऱ्या मिळतात, आणि आवळताना त्यातल्याही काही गळतात. मग उजेडाचे गोल गोल पट्टे दिसतात, झाड कापल्यावर बुंध्यात दिसतात तसे. फरक आकड्यांनी अगदी किरकोळ असतो म्हणून गुण पडत नाहीत, पण डोळा तिथेच जातो. याच्यासाठी नेटफ्लिक्सनेच कॅम्बी नावाची वेगळी पट्टी काढली. ती `libvmaf` ला `feature=name=cambi` असं सांगून मिळते. तिथे गणित उलटं आहे: शून्य म्हणजे पट्टे नाहीत, आणि पाचच्या आसपास गेलं की ते खुपायला लागतात. तिला मूळ फाइलवरही चालवून बघा. पट्टे कॅमेऱ्यातूनच आले असतील तर एन्कोडरला दोष देण्यात अर्थ नाही.

एन्कोडरला अंधाराकडे जास्त लक्ष द्यायला लावता येतं. एक्स२६४ मध्ये `-aq-mode 3` दिलं की तो गडद भागांना झुकतं माप देतो. गंमत अशी की यामुळे व्हीमॅफची सरासरी कधीकधी किंचित घसरते, कारण उजेडातल्या भागांचे बिट तिकडे गेले. तरी मी ते ठेवतो. अशा वेळी आकडा आणि डोळा भांडले तर मी पडदे ओढून, टीव्हीवर समईचा तुकडा लावतो आणि डोळ्याचं ऐकतो.

कमी उजेडात कॅमेरा जी कणकण आणतो, तिची गोष्टही अशीच. आवळताना ती पुसली गेली तर चित्र कदाचित सुबकच दिसेल, पण व्हीमॅफ गुण कापते, कारण तिच्या दृष्टीने ती मूळ चित्राचा भाग आहे. एन्कोडिंगआधी कणकण मुद्दाम कमी करणार असाल तर साफ केलेला तुकडा हाच संदर्भ धरा, नाहीतर सफाईचीच शिक्षा होईल.

आणि आवाज. हे सगळं गणित मुक्या चित्राचं आहे, नाटक मात्र संगीत नाटक आहे. माझा कॅमेरा न आवळलेला आवाज लिहितो, सेकंदाला दीड मेगाबिटच्या थोडा वर. तीन तासांचा तो दोन जीबी होतो, म्हणजे ८.६ जीबीच्या चित्राला जवळजवळ चौथाई जोड. यूट्यूब स्टिरिओसाठी ३८४ किलोबिटचा एएसी सुचवतं, त्यात तोच आवाज अर्ध्या जीबीत बसतो. ऑर्गन आणि तबला कान देऊन ऐकल्यावर मी तेवढ्यावर समाधानी आहे. तुमचे बुवा नसतील, तर `-c:a copy` लिहा, फाइलच्या नावाशेवटी `.mp4` ऐवजी `.mov` द्या आणि दोन जीबी सोसा.

```
ffmpeg -i natak.mp4 -c:v libx264 -preset slow -crf 20 -aq-mode 3 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 384k -movflags +faststart natak_upload.mp4
```

चित्र आणि आवाज मिळून नऊ जीबीच्या आसपास, म्हणजे २० मेगाबिटवर साधारण एक तास. रात्री एन्कोडिंगला लावून झोपतो. सकाळी अपलोडच्या आधी `ffprobe` ने दोन्ही फाइल्सची लांबी जुळते का ते बघतो आणि भरतवाक्यापाशी ओठ आणि आवाज जुळतात का ते पाहतो. मग पूर्ण फाइल मुळाशी ताडायला लावतो, `n_subsample=10` देऊन, म्हणजे दहातली एकच फ्रेम मोजली जाते आणि वेळ वाचतो. त्या नोंदीत गुण सगळ्यात खाली जिथे पडले, त्या जागा उघडून बघतो. मागच्या खेपेला मी न निवडलेलीच एक जागा तिथे सापडली. दुसऱ्या अंकाच्या शेवटी पुष्पवृष्टी होती. झेंडूच्या पाकळ्या एन्कोडरला धुरापेक्षाही जड जातात. आता माझ्या हाताने निवडायच्या तुकड्यांत पुष्पवृष्टी चौथी आहे.